बांधकाम परवानगी आणि झोन दाखल्याचं भाषांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल्डरांच्या कचेऱ्यांतून माझ्याकडे भाषांतराला येणारे कागद साधारण ठरलेले असतात. महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, त्यामागच्या अटींची पानं, झोन दाखला, भाग नकाशा आणि सातबारा. मूळ मराठी, हवं इंग्रजी. वाचणारा बहुतेक वेळा परराज्यातल्या बँकेचा वकील असतो किंवा परदेशातला गुंतवणूकदार. खालचे प्रश्न मला फोनवर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. मुंबईचा कारभार वेगळा असल्यामुळे तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रश्न ठेवला आहे. बाकी सगळं उर्वरित महाराष्ट्रातल्या महापालिकांना धरून.

नियमावली तर इंग्रजीतच आहे. मग भाषांतर नेमकं कशाचं करायचं?

बरोबर आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, आणि आर्किटेक्टच्या टेबलावर तिची इंग्रजी प्रतच असते. तिचं भाषांतर कुणी मागत नाही. मागतात ते त्या नियमावलीच्या आधारे निघालेल्या मराठी पत्रांचं.

गंमत अशी की त्या पत्रांतले बरेच शब्द मुळात इंग्रजी व्याख्यांचे मराठी प्रतिशब्द असतात. ‘जोते’, ‘सामासिक अंतर’, ‘अधिमूल्य’, ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ यांना इंग्रजीत आधीपासून एकेक ठरलेलं नाव आहे. म्हणून इथे नवा शब्द घडवायचा नसतो, जुना शोधून काढायचा असतो. मी प्रत्येक पारिभाषिक शब्दाला आधी यूडीसीपीआरच्या व्याख्यांमध्ये शोधते, तिथे नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये. दोन्हीकडे नसला तरच भाषा संचालनालयाचा कोश उघडते. हा क्रम उलटा झाला की वाक्य सुरेख उतरतं आणि अर्थ भलताच निघतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक कोणती?

‘चटई क्षेत्र’. यात दुसरा क्रमांक बराच मागे आहे.

मराठीत हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. फ्लॅटच्या करारनाम्यात ‘चटई क्षेत्र’ म्हणजे कार्पेट एरिया. रेराच्या २०१६ च्या कायद्यात त्याची व्याख्या आहे: सदनिकेतलं वापरता येणारं निव्वळ क्षेत्र. आतल्या भिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. पण महापालिकेच्या पत्रात ‘चटई क्षेत्र’ येतं ते चटई क्षेत्र निर्देशांकाच्या संदर्भात, म्हणजे एफएसआयच्या. तिथे तो शब्द इमारतीच्या एकूण बांधीव क्षेत्राबद्दल बोलतो. यूडीसीपीआरच्या हिशेबात तर बाल्कनीसुद्धा मोजली जाते.

एक उदाहरण आकड्यांसकट करून पाहू. समजा, एका महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर २,५०० चौरस मीटरचा निव्वळ भूखंड आहे आणि समोरचा रस्ता १२ मीटरचा. नियमावलीच्या मूळ तक्त्याप्रमाणे मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे २,७५० चौ.मी. अधिमूल्य भरून मिळणारा ०.५०, म्हणजे १,२५०. टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला विकास हक्क, वापरून ०.६५, म्हणजे १,६२५. बेरीज ५,६२५ चौ.मी., निर्देशांक २.२५. निवासी इमारतीला यावर आणखी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र घेता येतं, तेही अधिमूल्य भरूनच. म्हणजे जास्तीत जास्त ३,३७५. सगळं मिळून ९,००० चौ.मी.

आता पत्रात वाक्य असतं: ‘प्रस्तावित चटई क्षेत्र ९,००० चौ.मी.’ भाषांतरकाराने इथे ‘कार्पेट एरिया’ लिहिलं, तर बँकेचा माणूस समजतो की विकायला ९,००० चौ.मी. कार्पेट आहे. प्रत्यक्षात त्या ९,००० मध्ये बाहेरच्या भिंती, जिने, लिफ्ट, पॅसेज, बाल्कन्या सगळं बसलेलं असतं. विक्रीयोग्य कार्पेट त्याहून बरंच कमी निघणार. किती कमी ते आराखड्यावर ठरतं, भाषांतरकाराने सांगायचं ते नाहीच. त्याने एवढंच बघायचं की हा शब्द निर्देशांकाच्या वाक्यात आलाय की सदनिकांच्या तक्त्यात. निर्देशांकाच्या वाक्यात आला तर बिल्ट-अप एरिया किंवा एफएसआय एरिया, आणि सदनिकांच्या तक्त्यात आला तर कार्पेट.

चूक ओळखायची सोपी खूण आहे. पत्रातल्या ‘चटई क्षेत्रा’ला भूखंडाच्या क्षेत्राने भागून बघा. उत्तर १.१०, २.२५, ३.६० असं नियमावलीतल्या आकड्यांशी जुळणारं आलं तर तो एफएसआयचा हिशेब आहे. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

याच उदाहरणातली दुसरी गोम म्हणजे ‘पर्यंत’. मूळ १.१० हा हक्काचा आहे. बाकीचे आकडे कमाल मर्यादा आहेत: पैसे भरले, टीडीआर विकत घेतला आणि इतर नियमांत बसलं तरच मिळणारे. झोन दाखल्यावर किंवा आर्किटेक्टच्या टिपणावर ‘अनुज्ञेय’ लिहिलेलं असतं, म्हणजे नियमांप्रमाणे चालू शकणारं. त्याचं इंग्रजी ‘परमिसिबल’. ते ‘सँक्शन्ड’ झालं की मिळू शकणारं आणि मिळालेलं यातलं अंतर पुसलं जातं. आणि हा तक्ता सुधारला जात असतो, त्यामुळे परवानगीच्या तारखेला कोणता तक्ता चालू होता ते आर्किटेक्टला विचारून घ्यावं.

‘प्रारंभ प्रमाणपत्र’ म्हणजे काम सुरू झाल्याचा दाखला का?

नाही. काम सुरू करायची ती परवानगी आहे. मराठी वाचकाला सवयीने ते कळतं, म्हणून कुणी थबकत नाही. पण एका परदेशी कंपनीने आमच्या इंग्रजी मसुद्यावरून पुढे आपल्या भाषेत भाषांतर करून घेतलं होतं, आणि तिकडच्या अहवालात ‘बांधकाम सुरू झाल्याचं शासनाने प्रमाणित केलं आहे’ असं छापलं गेलं. तेव्हापासून मी पहिल्या उल्लेखाला तळटीप देते: नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ खाली दिलेली परवानगी, प्रगतीचा दाखला नव्हे.

मुदतीचं वाक्यही जपून करावं. कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्ष चालते आणि दर वर्षी वाढवून घेता येते, पण ही वाढ तीन वर्षांपलीकडे जात नाही. पत्रात मात्र बहुतेक वेळा ‘एक वर्षापर्यंत वैध’ एवढंच असतं. तेवढंच भाषांतरात ठेवायचं. कायद्यातली वाढीव मुदत तुम्हाला माहीत आहे म्हणून ती वाक्यात घालायची नाही. बिल्डरचा माणूस आग्रह धरतो, ‘चार वर्षं आहेच की, लिहा ना!’ त्याला टीपेत जागा आहे, मजकुरात नाही.

‘सामासिक अंतर’ला सेटबॅक म्हणू का? सगळे म्हणतात.

म्हणू नका. समास म्हणजे वहीच्या कडेला सोडतो तो. इमारतीभोवती पुढे, मागे आणि बाजूला सोडायची मोकळी जागा म्हणजे सामासिक अंतर, आणि नियमावलीच्या इंग्रजीत ती ‘मार्जिनल डिस्टन्स’ किंवा ‘मार्जिनल ओपन स्पेस’ असते. परदेशात हिलाच सेटबॅक म्हणतात हे खरं. पण आपल्याकडच्या कचेऱ्यांत ‘सेटबॅक’ म्हणजे रस्तारुंदीत जाणारी, पालिकेच्या ताब्यात द्यायची पट्टी. एक जागा मालकाचीच राहते, दुसरी त्याच्या हातून जाते. एकाच पत्रात दोन्ही आल्या आणि दोन्हींना सेटबॅक म्हटलं, तर वाचणाऱ्याला किती जमीन उरली याचा हिशेब लागत नाही.

असंच सज्जा आणि छज्ज्याचं. सज्जा म्हणजे बाल्कनी, छज्जा म्हणजे खिडकीवरचा पावसाचा आडोसा. टाइप करताना एका अक्षराचा घोळ होतो आणि मूळ पत्रातही झालेला असतो. म्हणून नकाशा जवळ ठेवावा.

झोन दाखला दोन ओळींचा असतो. त्याचे एवढे पैसे कशाला?

त्या दोन ओळींसाठी दोन तास जातात म्हणून. नमुना बघा: ‘स.नं. ४५/२ पै. हे क्षेत्र मंजूर विकास योजनेनुसार अंशतः निवासी विभागात समाविष्ट असून अंशतः १८ मी. रुंद रस्त्याने बाधित आहे.’

‘पै.’ म्हणजे पैकी. संपूर्ण सर्व्हे नंबर नव्हे, त्यातला एक तुकडा. इंग्रजीत ‘पार्ट’ हा शब्द राहिलाच पाहिजे. तो गळला की दाखला अख्ख्या ४५/२ ला लागू होतो, आणि त्यातला उरलेला भाग कदाचित शेती विभागात असतो. टायपिस्ट हा ‘पै.’ आधी उडवतात, कारण त्यांना तो चुकून राहिलेला वाटतो.

‘बाधित’ला इंग्रजीत ‘अफेक्टेड’ लिहितात आणि इथल्या वकिलाला ते पुरतं. बाहेरच्याला वाटतं की रस्त्याच्या आवाजाचा त्रास असेल. नियोजित रस्त्याची रेषा या जमिनीवरून जाते, असा त्याचा अर्थ आहे. मी ‘अफेक्टेड’ ठेवते आणि टीपेत अर्थ उलगडते. नेमकं किती क्षेत्र जातं ते दाखल्यात नसतं, ते भाग नकाशा आणि मोजणीवरून कळतं. तेही टीपेत.

‘आरक्षण’ही फसवं आहे. इंग्रजीत ‘रिझर्व्हेशन’ वाचून एका गुंतवणूकदाराने विचारलं होतं की ही जागा आधीच कुणी बुक केली आहे का. विकास योजनेत शाळा, उद्यान, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन, हे पहिल्याच उल्लेखाला सांगून टाकावं. आरक्षणाचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा ठेवावा.

नदीकाठच्या जमिनीत निळी आणि लाल पूररेषा येतात. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. दोन्हींना एकच ‘रिस्ट्रिक्टेड’ लावलेलं भाषांतर मी पाहिलं आहे. एकात बांधकामच नाही, दुसऱ्यात अटींवर होऊ शकतं. हिरव्या, ना-विकास आणि शेती विभागांनाही आपापल्या जागी ठेवावं. कानाला सारखे वाटले तरी कोणता कुठे लागू आहे ते त्या शहराच्या योजनेत बघावं लागतं. आणि ‘गावठाण’चं भाषांतर करूच नये. रोमन लिपीत लिहावं आणि जुन्या गाववस्तीची नोंदलेली हद्द एवढी टीप द्यावी.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र कसं लिहायचं?

जसं आहे तसं, आणि शेजारी चौरस मीटर. ‘१.०५.००’ म्हणजे १ हेक्टर, ५ आर, ० चौरस मीटर, म्हणजेच १०,५०० चौ.मी. मधलं शून्य गळून ‘१.५’ झालं की ते १५,००० वाचलं जातं. साडेचार हजार चौरस मीटर जमीन हवेतून तयार! गुंठ्यात लिहिलं असेल तर १ गुंठा साधारण १०१.१७ चौ.मी. आणि १ आर बरोबर १०० चौ.मी. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात, भाषांतरात धरू नये. रुपयांचे आकडे परदेशी वाचकासाठी दशलक्षाच्या स्वल्पविरामांनी लिहावे, नाहीतर ‘१,०५,००,०००’ बघून तो चूक समजतो.

अटींच्या पानांवर प्रत्येक वाक्य ‘राहील’ आणि ‘यावे’ने संपतं. सगळीकडे इंग्रजी ‘शाल’ लावू का?

बहुतेक ठिकाणी चालतं. ‘बंधनकारक राहील’, ‘करणेत यावे’ हे हुकूमच आहेत. पण तीन जागा सांभाळा.

पहिली, ‘सदर परवानगी रद्द समजण्यात येईल’ आणि ‘सदर परवानगी रद्द करण्यात येईल’. पहिल्यात अट मोडली की परवानगी आपोआप गेली असं मानायचं, इंग्रजीत ‘शाल बी डीम्ड टू बी’. दुसऱ्यात पालिकेने पुढे काहीतरी कारवाई करायची असते. कर्ज देणाऱ्या बँकेसाठी हा फरक फार मोठा आहे, आणि मराठीत तो एका क्रियापदावर उभा आहे.

दुसरी, ‘हरकत नाही’. ‘बांधकाम करण्यास या कार्यालयाची हरकत नाही’ म्हणजे त्या कार्यालयाने आपल्यापुरता दिलेला ना-हरकत दाखला. तो अग्निशमन, वृक्ष प्राधिकरण किंवा पाणीपुरवठा खात्याचा असतो. त्याला ‘परमिशन’ म्हणू नये, ती एकच आणि दुसऱ्याच पत्रात असते.

तिसरी, ‘अधीन राहून’. अटींच्या अधीन राहून दिलेली परवानगी पहिल्या दिवसापासून चालू असते. ‘अटींची पूर्तता केल्यानंतर’ दिलेली अजून चालू झालेलीच नसते. अमुक अट जोत्याच्या आधी, अमुक भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी, असं लिहिलेलं असतं. तो टप्पा भाषांतरात त्याच वाक्यात राहू द्यावा. वाक्य लांब झालं म्हणून तोडलं की टप्पा भलत्याच अटीला चिकटतो.

मुंबईच्या फाइलमध्ये ‘नामंजुरीची सूचना’ आहे. प्रकल्प अडकलाय का?

नाही, उलट पुढे सरकलाय. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली आयओडी देतात, पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. नाव नामंजुरीचं, मजकूर असा की या अटी पूर्ण होईपर्यंत नामंजूर. व्यवहारात ती मंजुरीची पहिली पायरी. त्यानंतर नगररचना कायद्याखालचं प्रारंभ प्रमाणपत्र, तेही टप्प्याटप्प्याने: आधी जोत्यापर्यंत, मग वर. भाषांतरात नाव बदलायचं नाही, पण टीप न दिल्यास पलीकडून घाबरलेला ई-मेल येतो. शिवाय मुंबईला यूडीसीपीआर लागू नाही, तिथे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे. वर दिलेले १.१० आणि ०.५० तिथे नेऊ नका.

मूळ पत्रातच चूक आहे. दुरुस्त करून भाषांतर द्याल का?

नाही. पहिल्या पानावर भूखंड २,५०० आणि तक्त्यात २,०५० असेल, तर दोन्ही तसंच उतरवते आणि चौकटी कंसात ‘मुळात असंच’ लिहिते. मग तुम्हाला फोन करते. तुम्ही पालिकेतून शुद्धिपत्रक आणलंत की त्याचं वेगळं भाषांतर जोडायचं. मनाने दुरुस्त केलेलं भाषांतर मूळ कागदाशी जुळत नाही, आणि जुळत नसलेला कागद समोरचा वकील पाचव्या मिनिटाला बाजूला ठेवतो. ‘आमच्या आर्किटेक्टनेच सांगितलंय’ हे कारण इथे उपयोगी नाही. त्याने ते पालिकेला सांगावं.

न वाचता येणारे शेरे, अर्धवट शिक्के, ‘करिता’ लिहून केलेल्या सह्या याही जशाच्या तशा नोंदवते. ‘करिता’ सोडलं तर सही आयुक्तांचीच वाटते, असते मात्र खालच्या अधिकाऱ्याची.

नकाशाचंही भाषांतर लागतं का?

पूर्ण नकाशाचं क्वचितच. क्षेत्राचा तक्ता, टिपा आणि मंजुरीचा शिक्का एवढं पुरतं. मात्र रंगीत स्कॅन पाठवा. नियमावलीप्रमाणे पाडायचं बांधकाम पिवळ्यात आणि प्रस्तावित लाल रंगात दाखवतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर दोन्ही एकच राखाडी होतात, आणि जी इमारत पाडायची आहे तिचे मजले कुणीतरी मोजून बसतो.

‘सर्टिफाइड’ भाषांतर म्हणजे काय? नोटरी केली की झालं ना?

काही देशांत असतो तसा न्यायालयाने नेमलेला शपथबद्ध भाषांतरकार आपल्याकडे या कामासाठी सरसकट नाही. मी भाषांतरासोबत माझं प्रमाणपत्र देते: कोणती प्रत पाहिली, किती पानं, दोन्ही भाषा येतात, भाषांतर मूळ मजकुराशी इमानदार आहे. गरज असेल तर ते प्रतिज्ञापत्रावर करते. नोटरी त्या प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारतो, भाषांतर बरोबर आहे असं तो सांगत नसतो. समोरच्या बँकेला किंवा वकिलातीला नेमकं काय चालतं ते आधी त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण एकदा बांधलेली प्रत पुन्हा सोडवून शिवणं कटकटीचं असतं.

तुमच्याकडे काय पाठवायचं?

मंजुरीचं पत्र सगळ्या पानांसह, मागची बाजूही. मागेच हस्तलिखित शेरा असतो. रंगीत नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, झोन दाखला आणि भाग नकाशा. इंग्रजी वाचणारा कोण आहे ते एका ओळीत कळवा, टिपा किती द्यायच्या ते त्यावर ठरतं. आर्किटेक्टचा नंबरही द्या, दोन-तीन शंका त्याच्याकडेच मिटतात. आणि पत्र डिजिटल सहीचं असेल तर पीडीएफ मूळ फाइलच पाठवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ‘पै.’ मधला टिंब दिसत नाही.